शंभर ग्रॅम पुरे

२०२१ च्या जुलैत, २३ तारखेच्या पावसात म्हादईचं पाणी चढलं, त्या पुरात आमच्या सत्तरीतल्या गावाच्या खालच्या वाड्यातल्या विहिरी बुडाल्या. मी तेव्हा पणजीत होते. पूर मी पाहिला तो फोनवर: काकांच्या अंगणातली तुळस गळ्यापर्यंत पाण्यात, विहिरीचा चिऱ्याचा कठडा दिसेनासा झालेला आणि रहाटाचे फक्त दोन खांब वर. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मागे राहिला गाळ, कुळागरातून वाहून आलेल्या पोफळीच्या विऱ्या आणि एकच प्रश्न, प्यायचं काय?

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अख्खी नोकरी करून निवृत्त झालेला. तो मडगावात राहतो. काकांनी घरच्या ग्रुपवर त्याला विचारलं आणि पुढचा आठवडाभर त्या दोघांचं बोलणं चालू होतं. कधी लिहून, कधी फोनवर, कधी फोटो पाठवून. आम्ही बाकीचे वाचत होतो, किंवा वाचतोय असं आम्हांला वाटत होतं.

शनिवारी, ३१ जुलैला, दुपारी दादाचा निरोप आला: “शंभर ग्रॅम पुरे. आज रात्री टाका, सकाळपर्यंत कोणी पाणी शेंदू नये.”

मी तो वाचला आणि मला बरं वाटलं. आठवडाभराच्या काळजीचं उत्तर दोन ओळींत समोर होतं. गावातल्या साठेक घरांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारत होतंच, विहिरीचं काय करायचं म्हणून. मी त्या निरोपावर बोट दाबून धरलं, बाण दाबला, गावाचा ग्रुप निवडला. वर आपल्याकडून एक ओळ घातली, “ब्लीचिंग पावडरबद्दल, दादाने सांगितलंय”. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. हा लेख त्या दहा सेकंदांबद्दल आहे.

त्या दोन ओळींच्या मागे काय होतं ते आधी सांगते, कारण ते मी स्वतः नीट वाचलं ते नंतर.

सोमवारी दादाने काकांना पहिली गोष्ट विचारली ती विहिरीची रुंदी. काकांनी टेप लावून सांगितलं, दहा फूट. मग पाणी किती? दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा, वर काढा आणि दोरी किती भिजली ते मोजा. त्यावर दादाचं उत्तर आलं की आता पावडरचा विचारच नको. पुराचं पाणी आत गेलंय, तेव्हा पंप लावून जमेल तेवढं उपसा, गाळ काढा, चिऱ्याच्या भिंती ब्रशने घासा. पण एका दमात तळ गाठू नका, बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली आहे, आतला आधार गेला की बांधकाम आत येईल. काकांनी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसलं. मग पहिली जबर मात्रा घालून रात्रभर ठेवली आणि ते सगळं पाणी बाहेर टाकलं. त्यानंतर झऱ्यांनी विहीर पुन्हा भरली. शुक्रवारी काकांनी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन फोटो पाठवला, पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. पावडरचा डबा कधीचा आहे, हेही दादाने विचारलं होतं. काकांनी नवा, बंद पुडा वाळपईहून आणला होता. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो. चांगल्या ताज्या पावडरीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास क्लोरीन असतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत अर्धवट उघड्या पुड्यात पुढच्या वर्षी काय उरेल त्याचा भरवसा नाही.

शनिवारी सकाळी दोरी पुन्हा मोजली तेव्हा पाणी होतं अठरा फूट. आता हिशेब सोपा. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर. रुंदीला रुंदीने गुणायचं, त्याला पाण्याच्या उंचीने, मग विहीर गोल म्हणून ०.७८५ ने. तीन गुणिले तीन नऊ, नऊ साडेपाचा साडेएकोणपन्नास, त्याचे झाले सुमारे ३९ घनमीटर, म्हणजे ३९ हजार लिटर. नितळ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर. उत्तर ९७ ग्रॅम.

म्हणून “शंभर ग्रॅम पुरे.”

त्यातला “पुरे” हा शब्द मी आता कितीदा तरी वाचला आहे. पुरे कोणाला? कशाच्या मानाने? आदल्या जबर मात्रेनंतर काका विचारत होते, आता तेवढीच पुन्हा घालू का. त्याला दादाचं हे उत्तर होतं: आता तेवढी नको, शंभरच पुरे. तीन शब्दांच्या वाक्यात मागच्या पाच दिवसांचं काम गृहीत होतं. “आज रात्री” हा आजसुद्धा त्या शनिवारचाच होता, पेल्याचा तळ दिसल्यानंतरचा. आणि “टाका” म्हणजे कसं टाका, ते काकांना पाठ होतं. शंभर ग्रॅम एका बादलीत घ्यायची, आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं निवळू द्यायचं. चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोरीने विहिरीच्या पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, डावी-उजवी हलवायची. चुन्याचा गाळ विहिरीत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. हे दादाने आदल्या वेळी फोनवर सांगितलं होतं. ते ग्रुपवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शिवाय दादाने तो निरोप काकांच्या प्रश्नाला जोडून, उत्तर म्हणून टाकला होता. आमच्या ग्रुपवर त्याच्या डोक्यावर एका पट्टीत काकांचं वाक्य दिसत होतं: “१० फूट, १८ फूट, पाणी नितळ. आता किती?” व्हॉट्सॲपवर असा जोडलेला निरोप पुढे पाठवला की वरची ती पट्टी गळून पडते. कोणाला उद्देशून लिहिला ते जातं, मूळ कोणी लिहिला तेही जातं. उरतात फक्त दोन ओळी आणि वर बारीक अक्षरांत “फॉरवर्डेड”. ही खूण २०१८ साली आली. ती एवढंच सांगते की हे लिहिणारा पाठवणारा नव्हे. काय गळालं ते ती सांगत नाही. वाचणाऱ्याला समोरचा निरोप पुरा वाटतो, कारण व्याकरणाने तो पुराच असतो.

रविवारी सकाळी साडेसातला वरच्या वाड्यावरच्या वहिनीचा फोन. “पाण्याचा वास येतोय गे, डोळे चुरचुरतायत. चहा केला तो ओतून टाकला. झरीवरून पाणी आणायला मुलांना धाडलंय.”

वहिनीची विहीर मला लहानपणापासून माहीत. परसातली, अरुंद, दोन बायका समोरासमोर उभ्या राहून पाणी शेंदू लागल्या तर कळशा एकमेकींना लागतात. पाच फूट रुंद, आणि वरच्या अंगाला असल्याने पाणी सातच फूट. ती पुरात बुडालीही नव्हती. हिशेब केला तर ३,७०० लिटर, म्हणजे पावडर हवी नऊ ग्रॅम. चहाचे दोन-तीन लहान चमचे. तिने शंभर घातली होती, अकरा पट. तीही कोरडी, कठड्यावरून मूठ मूठ. कारण निरोपात “टाका” होतं आणि तिने टाकली.

सगळ्यात वाईट ते झरीचं. आपल्या जवळजवळ शुद्धच असलेल्या विहिरीला घाबरून ती माणसं डोंगराच्या उतारावरच्या झरीकडे गेली. आठवडाभर वरून गुरांच्या वाटांचं पाणी तिच्यात उतरत होतं. मात्रा जास्त झाली की वास येतो, आणि वास आला की माणूस ते पाणी सोडून दुसरं पाणी शोधतो. ते दुसरं कसं आहे हे त्या घाईत कोणी बघत नाही.

दादा त्याच सकाळी मडगावहून निघाला. मीही पणजीहून कदंबाच्या बसने गेले. त्याच्याबरोबर काचेच्या नळ्या आणि ऑर्थोटोलिडीनची बाटली होती. पाण्यात त्याचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, जितका क्लोरीन तितका गडद, आणि मोकळा क्लोरीन बघायचा तर रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघायचा. काकांच्या विहिरीचं पाणी फिकट पिवळं झालं, हवं तसं. वहिनीचं नारिंगीकडे गेलं. दादाने तिला सांगितलं, घाबरू नकोस, विष नाही झालेलं. पंप लावून अर्धं पाणी माडांना सोड, झरे भरतील, उद्या परत बघू. तोवर काकांकडचं पाणी ने.

मग तो म्हणाला, “आणखी कोणी कोणी टाकली?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. ज्याचं बिघडलं त्याचा फोन आला, बाकीच्यांचं ठीक असणार, असं मी धरून चालले होते. ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडलेले, नऊ जणांनी अंगठे दाखवलेले. देवळाच्या विहिरीतही पुजाऱ्याच्या मुलाने रात्री शंभर ग्रॅम घातली होती आणि सकाळपासून खालच्या वाड्यातली सात-आठ घरं, ज्यांच्या विहिरी अजून गाळाने भरलेल्या होत्या, तिथूनच पाणी नेत होती. सगळे समाधानी होते. पाण्याला वास नाही, चव नाही, औषध तर घातलेलं.

दादाने नळीत देवळाच्या विहिरीचं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाण्याचा स्वतःचा मातकट रंग होता तेवढाच. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. मला आठवतं, तो बराच वेळ काही बोलला नाही.

ती विहीर पाच मीटर रुंद आहे. पाणी होतं सात मीटर. १ लाख ३७ हजार लिटर. नितळ असती तरी तिला साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपास लागली असती. बुडालेली, न उपसलेली, तळाला गाळ आणि कुजणारा पाचोळा. एवढ्या पाण्यात शंभर ग्रॅम म्हणजे आधीच तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि जो काही क्लोरीन गेला तो जंतूंपर्यंत पोचण्याआधी गाळाने आणि पाचोळ्याने खाऊन टाकला. वहिनीच्या घरी चूक नाकाला कळली. इथे चूक कळायला काहीच नव्हतं. एकाच दोन ओळींनी एकीकडे चांगलं पाणी टाकून द्यायला लावलं आणि दुसरीकडे वाईट पाणी निर्धास्तपणे प्यायला लावलं, आणि दुसऱ्याबद्दल आम्हांला कोणीही फोन करणार नव्हतं.

त्या आठवड्यात वाड्यातल्या दोन मुलांना जुलाब झाले. त्याच पाण्याने झाले असं कोणी म्हणू शकत नाही, पुरानंतर कारणं अनेक असतात. दोघं बरी झाली. पण मला त्यांच्या आयांकडे बघताना आजही माझं बोट त्या बाणावर दिसतं.

दादाला मी म्हटलं, मग आता सूत्रच टाकूया ग्रुपवर, ज्याने त्याने आपापली विहीर मोजावी. तो म्हणाला, या विहिरीला सूत्रही चालणार नाही. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नितळ पाण्याचं. तेसुद्धा अर्धंच वाक्य आहे. गढूळ पाण्याला किती लागेल ते पाण्यालाच विचारावं लागतं.

विचारायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आरोग्य केंद्रातून हॉरॉक्सची पेटी आणली. तिच्यात सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यात एक सपाट चमचा, म्हणजे दोन ग्रॅम, पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालतात. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी. काळ्यातल्या पावडरच्या पाण्याचा पहिल्या पांढऱ्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे सहाव्यात सहा. ढवळून अर्धा तास ठेवायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन थेंब. ज्या पेल्यात क्लोरीन उरलेला असेल तो निळा होतो. जिथे सगळा क्लोरीन गाळाने खाल्ला, तो पांढराच राहतो. देवळाच्या मंडपात, पायरीवर, आम्ही पाच-सात जण ते सहा पेले बघत बसलो. पहिला पांढराच राहिला. दुसरा निळा झाला, पुढचे सगळे निळे.

निळा झालेला पहिला पेला ज्या क्रमांकाचा, तितके चमचे दर ४५५ लिटरला. दुसरा पेला, म्हणजे दोन चमचे, चार ग्रॅम. दादाने पुजाऱ्याच्या मुलाच्या वहीत भागाकार केला: १ लाख ३७ हजार भागिले ४५५, तीनशे एक. गुणिले चार. बाराशे ग्रॅम.

शंभर नव्हे, साडेतीनशेही नव्हे. बाराशे. तीही एका बादलीत शंभरहून जास्त कालवायची नाही, म्हणजे बारा बादल्या. संध्याकाळी मुलं रांगेने उभी राहिली. एक कालवतोय, एक नितळ पाणी ओततोय, दोघं दोरी धरून विहिरीत बादली हलवतायत. रहाटावर पुजाऱ्याने “पाणी नेऊ नये” असा पुठ्ठा बांधला आणि खाली तारीख आणि वेळ घातली. ती तारीख पाहून मला दादाच्या निरोपातला “आज” आठवला. सोमवारी सकाळी नळी पिवळी झाली. त्यानंतर ऊन पडेपर्यंत, गाळ पुरता उपसून होईपर्यंत, दादा रोज फोनवर नळीचा रंग विचारत होता, कारण पाऊस पडला की पाणी बदलतं आणि पेल्यांचं उत्तरही बदलतं.

मी त्याच रविवारी गावाच्या ग्रुपवरचा माझा निरोप काढून टाकायला गेले, पण सगळ्यांकडून पुसायची मुदत तेव्हा तासाभराचीच होती, ती टळली होती, म्हणून तो पाळू नका असं खाली लिहिलं. तिथे तो थांबला. पण ज्यांनी तो पुढे पाठवला होता, त्यांच्याकडचा माझ्या हातात नव्हता. आपण मूळ निरोप पुसला किंवा सुधारला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. बुधवारी तो मला डिचोलीच्या एका नातेवाइकाकडून परत आला. आता त्याच्यावर “फॉरवर्डेड” नव्हतं, म्हणजे मधे कोणीतरी मजकूर उचलून नव्याने चिकटवला होता, आणि शब्दही बदलले होते: “डॉक्टरांचा सल्ला. पुरानंतर विहिरीत १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. सकाळी पाणी शुद्ध.” दादा डॉक्टर नाही. “पुरे” जाऊन “टाका” राहिलं होतं. “सकाळपर्यंत कोणी शेंदू नये” याचं “सकाळी शुद्ध” झालं होतं, म्हणजे सावधगिरीची जागा हमीने घेतली होती. कोणी खोटेपणा केला असं मला वाटत नाही. जो तो आपल्या मते निरोप स्पष्ट करत गेला. मागचं बोलणं हाताशी नसलं की स्पष्ट करायला उरतो तो फक्त हुकूम, आणि हुकूम पुसून पुसून आणखी ठाम होतो.

त्या नातेवाइकाला मी फोन केला, लिहिलं नाही. “तुमची विहीर किती रुंद?” असं विचारल्यावर तो गोंधळला. “रुंदीचं काय? शंभर ग्रॅम लिहिलंय की.” मी त्याला दोरी आणि दगड सांगितला. पाणी गढूळ आहे म्हणाला, तेव्हा आरोग्य केंद्राचं नाव सांगितलं आणि तोवर उकळून प्यायला सांगितलं.

आता मी कोणाचं उत्तर पुढे पाठवायचं झालं तर आधी त्याच्या वरचा प्रश्न शोधते. चार-पाच निरोप एकदम निवडून पाठवता येतात, पण तेही पुरेसं नाही. पोचतात ते एकाखाली एक, कोण बोललं त्याचं नाव नसलेले, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं ते वाचणाऱ्याने ताडायचं. म्हणून मी बाण सोडून दिला. स्वतः लिहिते: कोणी विचारलं, त्याच्याकडे काय परिस्थिती होती, त्याआधी काय करून झालं होतं, मग उत्तर. फोनवर बोललेलं असेल तर तेही. लांब होतं. पुष्कळदा लिहिता लिहिता कळतं की हे त्याच्यापुरतंच आहे, आणि मग मी पाठवतच नाही.

काकांनी मात्र वेगळंच केलं. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती. घराला रंग काढताना उरलेला निळा ऑइल पेंट त्यांनी घेतला आणि विहिरीच्या कठड्यावर आतल्या बाजूने लिहिलं: “रुंदी १० फूट. नितळ पाणी, नवी पावडर: दर फुटाला साडेपाच ग्रॅम. गढूळ असल्यास विचारणे.” दोरीलाही त्यांनी फुटाफुटावर गाठी मारल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाड्यातल्या बऱ्याच विहिरींवर तशी अक्षरं आली, प्रत्येकीवर वेगळा आकडा. देवळाच्या विहिरीवर पंधरा. वहिनीच्या सासूबाईंनी विहिरीवर रंग लावू दिला नाही, तिथे त्या हळदकुंकू वाहतात. म्हणून वहिनीने तिचा आकडा, सव्वा ग्रॅमच्या वर थोडा, एका कागदावर लिहून पावडरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. मागच्या जूनमध्ये गेले तेव्हा तिने झाकण उघडून दाखवला. शाई थोडी पसरली होती. मी नवा कागद मागितला, तिने दोरी आणली, आणि आम्ही दोघींनी पाणी पुन्हा मोजलं.